भाग: तूस, धूर आणि शंभर शब्द

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा नेहमीप्रमाणे लिहून काढलेला भाग. बोलताना जिथे अडखळलो तेवढं काढलंय, बाकी जसंच्या तसं आहे.

आजचा भाग सॉफ्टवेअरवर नाही. मागच्या महिन्यात मी दोन दिवस घोटीला मामाकडे गेलो होतो. मुंबईकडून नाशिकला जाताना इगतपुरी गेलं की लागतं ते घोटी. कळसूबाईला जाणारे ट्रेकर जिथे चहासाठी थांबतात आणि आम्ही लहानपणी भाताच्या पोत्यांवर उड्या मारायचो तेच. इगतपुरी तालुका म्हणजे पाऊस आणि भात, आणि घोटी म्हणजे त्या भाताचा बाजार आणि गिरण्या. जेवण झालं आणि माझी मामेबहीण लॅपटॉप घेऊन समोर येऊन बसली. ती बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पर्यावरणाचा प्रकल्प अहवाल कॉलेजने परत पाठवला होता. अहवालातलं काम बरोबर होतं. पहिलं पान आणि शेवटचं पान, सारांश आणि निष्कर्ष, या दोनच गोष्टींवर लाल शेरा होता. 'शब्दमर्यादा ओलांडली. निष्कर्षाला आधार नाही.'

मर्यादा होती सारांशाला शंभर शब्द आणि निष्कर्षाला शंभर शब्द. तिचा सारांश होता 312 शब्दांचा.

"दादा, तू रोज लॅपटॉपवरच असतोस ना, दोनशे शब्द कापून दे," म्हणाली. तिला वाटलं दहा मिनिटांचं काम आहे. मलाही तसंच वाटलं. रात्रीचा एक वाजला.

हा पर्यावरणाचा प्रकल्प आपल्यापैकी बहुतेकांनी केलाय, किंवा खरं सांगायचं तर सीनियरच्या फाइलवरून उतरवलाय. मी इंजिनिअरिंगला तेच केलं होतं. 1991 मध्ये एम. सी. मेहतांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने शाळा-कॉलेजांत पर्यावरण हा विषय सक्तीचा करायला सांगितलं, तिथून हे आपल्या अभ्यासक्रमात आलं. सक्तीचं म्हटलं की उरकणं आलंच. पण या पोरांनी उरकलं नव्हतं, आणि म्हणूनच मला जास्त वाईट वाटलं.

तिघांचा गट. विषय होता, भात गिरणीतलं तूस किती निघतं आणि जातं कुठे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, भाताच्या दाण्यावरचं जे बाहेरचं टरफल असतं ते तूस. कोंडा वेगळा. तो आतल्या तांदळाला पॉलिश करताना निघतो आणि गुरांना जातो. तूस गुरं खात नाहीत. हलकं असतं, जागा भरपूर खातं, आणि गिरणीच्या मागे त्याचा डोंगर होतो.

या तिघांनी घोटीतल्या एका गिरणीत जानेवारीत दहा दिवस जाऊन मोजणी केली होती. कुठली गिरणी ते सांगत नाही. आकडेही तुम्हाला ऐकायला सोपे जावेत म्हणून मी गोल केलेत, तेव्हा यावरून घोटीतल्या सगळ्या गिरण्यांबद्दल कृपया काही ठरवू नका. तशी चूक करायची नाही, हाच आजच्या बोलण्याचा निम्मा भाग आहे.

मोजणी साधी होती. रोज साधारण 500 किलो भाताची एक खेप निवडायची. गिरणीत पडण्याआधी भात तोलायचा. ती खेप भरडली जात असताना ब्लोअरमधून जे तूस बाहेर पडतं ते पोत्यांत धरायचं आणि तेही तोलायचं. पहिल्या दिवशी अर्धं तूस वाऱ्याने उडालं, म्हणून तो दिवस बाद करून अकराव्या दिवशी पुन्हा गेले. मला हे ऐकून फार आवडलं. अंगाला खाज सुटते हो त्या तुसाने. शिवाय गिरणीच्या शेठनी आपली विक्रीची वही त्यांना उघडून दाखवली. महिन्यात तुसाची पोती किती भरली, कोणाला गेली, सगळं त्यात होतं.

एवढं काम. आणि सारांशाची सुरुवात कशी? 'पर्यावरण हा शब्द परि आणि आवरण या दोन शब्दांपासून बनलेला आहे.' मग मानव आणि निसर्ग. मग औद्योगिकीकरण. मग भात हे महाराष्ट्रातील महत्त्वाचे पीक. तूस हा शब्द पहिल्यांदा आला तो 140 शब्दांनंतर. म्हणजे ज्याला शंभर शब्द वाचायचे आहेत, त्याच्या हातात 'आवरण' पडलं आणि तूस पडलंच नाही.

मी तिला विचारलं, हे कोण वाचणार आहे? ती म्हणाली, मॅडम. मी म्हटलं, मॅडमकडे साठ फाइली असतील तर त्या पहिलं पान आणि शेवटचं पान बघतील. आणखी कोण? थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "शेठ म्हणालेत, लिहून झालं की मला दाखवा, माझ्याबद्दल काय लिहिलंय ते."

आता निष्कर्ष ऐका. मूळ निष्कर्ष असा होता: 'घोटी परिसरातील भात गिरण्यांमुळे मोठ्या प्रमाणावर वायुप्रदूषण होत असून त्याचा मानवी आरोग्यावर गंभीर परिणाम होत आहे. शासनाने यावर कठोर पावले उचलणे ही काळाची गरज आहे.'

मी विचारलं, "हवा कशाने मोजली?"

"मोजली नाही. पण धूर होता ना दादा. मागे ढीग जळत होता."

"किती गिरण्या बघितल्या?"

"एक."

"आरोग्य कोणाचं तपासलं?"

यावर ती चिडली. बरोबर आहे चिडणं. असं कोणी कोड रिव्ह्यूमध्ये विचारलं तर मीही चिडतो. पण विचार करा, ज्या माणसाने दहा दिवस पोरांना गिरणीत उभं राहू दिलं, खेप थांबवून तोलू दिली, स्वतःची वही उघडली, त्याच्या हातात हे पान पडणार. आणि त्यात लिहिलंय की तुमच्यामुळे लोक आजारी पडतात. त्याला कुठलाही आधार नाही. पुढच्या वर्षी दुसरा गट गेला तर तो दारात उभा करेल का? मॅडमचा शेरा तिथेच होता, फक्त तीन शब्दांत होता.

म्हणून आम्ही शब्द कापायला सुरुवातच केली नाही. आधी निष्कर्ष घेतला. माझ्या मते क्रम हाच असावा. छापताना सारांश पहिला येतो म्हणून सगळे तो पहिला लिहितात. पण निष्कर्ष ठरल्याशिवाय सारांशात काय सांगायचं हेच ठरत नाही.

कागदाचे दोन भाग केले. डावीकडे 'आम्ही काय तोललं, मोजलं, पाहिलं, विचारलं' आणि उजवीकडे निष्कर्षातलं एकेक वाक्य. उजवीकडच्या वाक्याला डावीकडे जोड मिळाली तर ते राहील, नाहीतर जाईल. वायुप्रदूषण, जोड नाही, गेलं. आरोग्य गेलं. शासन तर कशाला जोडायचं तेच कळेना. निष्कर्षाची सगळी वाक्यं गेली. पान कोरं.

आणि गंमत म्हणजे डावीकडे तीन गोष्टी अशा राहिल्या, ज्यांना उजवीकडे कोणीच नव्हतं. 100 किलो भातामागे सरासरी 21 किलो तूस. महिन्यातल्या 400 पोत्यांपैकी 260 वीटभट्ट्यांना आणि 90 कोंबड्यांच्या शेडवाल्यांना विकली, 50 मागे उघड्यावर जाळली. आणि जाळण्याचं कारण शेठनीच सांगितलं होतं, की जागा नाही, उघड्यावर दवाने ओलं झालेलं तूस कोणी घेत नाही. म्हणजे खरी मिळालेली माहिती निष्कर्षात नव्हतीच. ती चौदाव्या पानावर तक्त्यात निवांत बसली होती.

धुराचं काय करायचं यावर बराच वाद झाला. ती म्हणाली, डोळ्यांनी पाहिलेलं लिहायचंच नाही का? लिहायचं ना. पण पाहिलं तेवढंच लिहायचं. तिच्या वहीत रोजची नोंद होती, त्यात दहापैकी चार दिवस ढिगातून धूर निघत असल्याचं लिहिलेलं होतं. 'चार दिवस धूर दिसला' हे निरीक्षण आहे. 'वायुप्रदूषण होते' हा दावा आहे, त्यासाठी हवेतले धुळीचे कण मोजायचं यंत्र लागतं, वाऱ्याची दिशा लागते, आणि ढीग जळत नसतानाची मोजणीही लागते. कारण शेजारून महामार्ग जातोय, त्याची धूळ गिरणीच्या खात्यावर कशी टाकणार? म्हणून धूर सारांशात आला, प्रदूषण आलं नाही, आणि हवा मोजलेली नाही हे आम्ही स्वतःहून लिहिलं.

'मोजलेलं नाही' असं लिहायला पोरांना भीती वाटते. मार्क जातील म्हणून. माझा अनुभव उलटा आहे. आमच्याकडे बग नोंदवताना 'ॲप चालत नाही' असं लिहिणारा आणि 'ॲन्ड्रॉइडवर लॉगिन होत नाही, आयफोनवर तपासलेलं नाही' असं लिहिणारा, यातल्या दुसऱ्यावर सगळे विश्वास ठेवतात. तपासणारा तोंडी परीक्षेत नेमकं तेच विचारणार असतो. आधीच लिहिलेलं असेल तर प्रश्न संपतो.

आता सारांश. इथे एक वेगळीच चूक सापडली. सारांशात लिहिलं होतं 22.6 टक्के तूस. तक्त्यात सरासरी होती 21. मी गणित तपासलं, तक्ता बरोबर होता. मग 22.6 आलं कुठून? शोधता शोधता कळलं की सारांश तिने सहाव्या दिवशीच लिहून ठेवला होता, 'एक काम कमी' म्हणून. तेव्हाची सरासरी 22.6 होती. पुढच्या पाच दिवसांत कमी तूस निघालं, सरासरी खाली आली, तक्ता बदलला, सारांश तसाच राहिला. अशी चूक वाचून सापडत नाही, कारण वाक्य अगदी शहाण्यासारखं दिसतं. ती सापडते फक्त एका प्रकारे: सारांश आणि निष्कर्षातला प्रत्येक आकडा पेनाने गोल करायचा आणि तक्त्यात त्याच्यावर बोट ठेवायचं. बोट ठेवता आलं नाही तर आकडा खोडायचा.

याच बोटाने आणखी एक वाक्य गेलं. 'तुसाच्या राखेत मोठ्या प्रमाणात सिलिका असते.' खरं आहे ते. तूस जाळलं की राख उरते, तिच्यात बहुतेक भाग सिलिकाच असतो, सिमेंटमध्ये मिसळायला ती वापरतात. पण या तिघांनी राख तपासली नव्हती. पुस्तकातून घेतलेली माहिती प्रस्तावनेत शोभते. सारांशात आली की वाचणाऱ्याला वाटतं हे यांनीच शोधलं. एका वाक्याने मात्र उलट मदत केली. भाताच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तूस असतं हे पुस्तकात आहेच, आणि यांचे 21 किलो त्याच्या आसपास पडतात. म्हणजे तोलण्यात काही मोठी गडबड नाही. हे आम्ही चर्चेच्या प्रकरणात टाकलं, सारांशात नाही.

एवढं सगळं झाल्यावर शब्द मोजायला घेतले. आणि इथे मराठीचा एक फायदा आहे, जो कोणी सांगत नाही. शब्दमर्यादा बहुतेक ठिकाणी इंग्रजी अहवालांवरून आलेली असते. मराठीत विभक्ती शब्दाला चिकटते. 'गिरणीमागे' हा एक शब्द, इंग्रजीत तेच सांगायला तीन लागतात. त्यामुळे शंभर मराठी शब्दांत इंग्रजीपेक्षा जास्त माल बसतो. मग तरी आपले सारांश लांब का होतात? कारण आपण सरकारी मराठी लिहितो. तिच्या सारांशातलं हे वाक्य बघा:

'सदर प्रकल्पाच्या माध्यमातून विद्यार्थ्यांकडून गिरणीमध्ये निर्माण होणाऱ्या तुसाचे वजन करण्यात आलेले आहे.'

बारा शब्द. यात सांगितलंय काय? 'आम्ही गिरणीत निघालेले तूस तोलले.' पाच शब्द. कॉलेजला 'आम्ही' चालत नसेल तर तेही काढा, मराठीत कर्ता नसला तरी वाक्य उभं राहतं. चार शब्द. एकही माहिती गेली नाही. 'सदर', 'प्रस्तुत', 'च्या माध्यमातून', 'या ठिकाणी', आणि सगळ्यात मोठा चोर म्हणजे 'करण्यात आलेले आहे'. तिच्या 312 शब्दांत 'करण्यात' हा शब्द अकरा वेळा होता. फाइंड मारून मोजला.

पण चिकटवण्याचा अतिरेक करू नका. तिच्या गटातल्या मुलाने युक्ती काढली होती, '21किलो', 'भातगिरणीतीलतूस' असं सलग लिहायचं, म्हणजे मोजणीत एकच शब्द. वर्ड फसतं, मॅडम फसत नाहीत. 'विक्रीवही' हा शब्द जोडून लिहिणं ठीक, तो मराठीत खरोखर एक शब्द होतो. उलट एक तोटाही बघा: वाक्याच्या मध्ये दोन्ही बाजूंना जागा सोडून नुसता दंडा टाकला, तर जागेवरून मोजणारा प्रोग्राम त्या दंड्यालाही शब्द धरतो. आमच्या एका मसुद्यात तीन दंडे होते, म्हणजे तीन शब्द फुकट गेले. आम्ही शेवटी मजकूर साध्या फाइलमध्ये ठेवून पायथनच्या एका ओळीने मोजला, दर वेळी तीच पद्धत म्हणजे वाद नको:

```
print(len(open("saransh.txt", encoding="utf-8").read().split()))
```

हे फक्त मोकळ्या जागांवरून तुकडे पाडतं आणि मोजतं. आकडा हाही एक शब्द. आणि ऑनलाइन फॉर्म भरायचा असेल तर मर्यादा शब्दांची आहे की अक्षरांची ते आधी बघा. 'गिरणी' आपल्याला तीन अक्षरं दिसतात, पण संगणक वेलांट्या वेगळ्या मोजतो, त्याच्या हिशेबाने ती पाच आहेत. अक्षरांच्या मर्यादेत मराठीचा तो वरचा फायदा बराचसा निघून जातो.

रात्री एकच्या सुमाराला तयार झालेला सारांश हा. पूर्ण वाचतो.

'भात भरडताना निघणाऱ्या तुसाचे काय होते, हे पाहण्यासाठी घोटी येथील एका भात गिरणीत जानेवारी महिन्यात दहा दिवस मोजणी केली. रोज सुमारे 500 किलो भाताची एक खेप निवडून भात आणि निघालेले तूस, दोन्हींचे वजन केले. गिरणीच्या विक्रीवहीतून महिन्याभरातील तुसाचा हिशेब घेतला. 100 किलो भातामागे सरासरी 21 किलो तूस निघाले. सर्वांत कमी 19, सर्वांत जास्त 23. महिन्यातील तुसाच्या 400 पोत्यांपैकी 260 वीटभट्ट्यांना, 90 कोंबडीपालकांना गेली आणि 50 पोती गिरणीमागे उघड्यावर जाळली गेली. म्हणजे दर आठ पोत्यांमागे एक पोते जळाले. वजने एकाच गिरणीची व एकाच हंगामाची आहेत. दहापैकी चार दिवस ढिगातून धूर निघताना दिसला. हवेची मोजणी केलेली नाही.'

95 शब्द. पाच उरले, आणि ते भरायचे नाहीत हे पटवायला मला आणखी पाच मिनिटं लागली. मर्यादा म्हणजे भरायचं भांडं नव्हे.

'सर्वांत कमी 19, सर्वांत जास्त 23' या सहा शब्दांवर ती कात्री चालवणार होती. मी अडवलं. नुसतं 21 म्हटलं तर वाचणाऱ्याला कळत नाही की रोज 21 च निघत होतं की एक दिवस 10 आणि एक दिवस 30. सहा शब्दांत दहा दिवसांचं चित्र येत असेल तर ते स्वस्त आहे. त्याऐवजी 'दर आठ पोत्यांमागे एक' हे काढता आलं असतं, कारण 400 पैकी 50 वरून तो हिशेब कोणीही करेल. पण जागा होती, आणि शेठना टक्क्यांपेक्षा ते लवकर कळलं असतं, म्हणून ठेवलं.

निष्कर्ष लिहिताना तिने पहिल्यांदा सारांशच पुन्हा चिकटवला. बहुतेक अहवालांत तसंच असतं. पण दोघांचे वाचक वेगळे आहेत. सारांश वाचणाऱ्याने अहवाल वाचलेला नसतो, त्याला पद्धत आणि आकडे हवेत. निष्कर्षापर्यंत पोचलेल्याने तक्ते बघितलेले असतात, त्याला हवंय की या आकड्यांवरून तुम्हाला काय वाटतं, ते कुठपर्यंत खरं, आणि पुढे काय करून बघावं. म्हणून निष्कर्षात 21, 19, 23 नाहीतच.

'या गिरणीत तूस हा कचरा नसून मुख्यतः विकला जाणारा माल आहे. 400 पैकी 350 पोती विकली गेली. उरलेली 50 पोती जाळण्याचे कारण साठवण हे आहे, असे मालकांनी सांगितले: उघड्यावर दवाने ओले झालेले तूस गिऱ्हाईक घेत नाही. त्यामुळे तूस छपराखाली ठेवणे हा पहिला उपाय सुचतो. तो लागू पडतो का, हे तूस झाकून पुन्हा एक महिना हिशेब ठेवल्यास कळेल. हे निष्कर्ष एका गिरणीपुरते आहेत. विक्रीचे आकडे मालकांच्या वहीतले असून आम्ही ते स्वतंत्रपणे तपासलेले नाहीत. तूस जाळल्याने हवेवर किती परिणाम होतो, हे या अभ्यासातून सांगता येत नाही.'

84 शब्द. 'असे मालकांनी सांगितले' हे तीन शब्द मला महत्त्वाचे वाटतात. दवाने तूस ओलं होतं हे पोरांनी तपासलं नव्हतं, ऐकलं होतं. ऐकलेलं आणि तोललेलं एकाच सुरात लिहिलं की दोन्हींची किंमत एक होते. आणि उपाय बघा किती लहान झाला. शासनाच्या कठोर पावलांवरून एका छपरावर आलो. पण हे छप्पर तक्त्यातून निघालंय, आणि ते चुकीचं ठरू शकतं, तपासता येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुण्याला निघायच्या आधी ती म्हणाली, चल, शेठना दाखवून येऊ. त्यांनी चष्मा काढला, पुसला, उभ्याउभ्या दोन्ही पानं वाचली. मला वाटलं 'जाळली गेली' वर अडतील. अडले नाहीत. "जाळतो ते खरंच आहे," म्हणाले. "पण बाई, हे चुकलंय. गिऱ्हाईक घेत नाही असं नाही. कोंबड्यावाला नाही घेत, भट्टीवाला घेतो. पण भाव असा पाडतो की गाडीभाडंसुद्धा सुटत नाही. मग मी कशाला पाठवू?"

मी तिच्याकडे बघितलं. म्हणजे कारण ओलं तूस एवढंच नव्हतं, भाव होता. छपराचा उपाय अजूनही चालतो, पण का चालतो ते बदललं: कोरडं राहिलं तर भाव राहील. भट्टी गिरणीजवळ असती तर कदाचित ओलंही गेलं असतं. आम्ही रात्रभर ज्या वाक्यावर खूश होतो, ते तिने ऐकताना घाईत आखडून घेतलेलं निघालं. तिने तिथेच पोत्यांवर बसून फोनवर ओळ बदलली: 'उघड्यावर दवाने ओले झालेल्या तुसाला गाडीभाड्याइतकाही भाव मिळत नाही.' आठाचे नऊ शब्द झाले. एकूण 85.

शेठनी पुन्हा एकदा वाचलं आणि म्हणाले, "हां, आता बरोबर." मग विचारलं, याची एक प्रत मिळेल का, भट्टीवाल्याला दाखवायची आहे.